चव्वेचाळीस वॉट आणि शंभर अंश

नागपूरला राहणारी माझी थोरली बहीण संगीत शिक्षिका म्हणून निवृत्त झाली. विद्यार्थ्यांच्या कार्यक्रमांचे फोनवर घेतलेले व्हिडिओ तिच्याकडे ढिगाने साठले होते. एकेक फाईल अवाढव्य, कुणाला पाठवायची तर जात नाही. त्या फायली आटोपशीर करायच्या म्हणून मार्चमध्ये तिनं नवा डेस्कटॉप जुळवून घेतला. प्रोसेसर इंटेलचा कोअर आय-५ १२४००, त्याच्या खोक्यातच आलेला पंखा, १६ जीबी रॅम. व्हिडिओ लहान करायला हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर. कामाला हे सगळं पुरेसं होतं.

तक्रार सुरू झाली ती एका योगायोगानं. तिच्या एका विद्यार्थ्याकडे नेमका हाच प्रोसेसर आहे. एकच फाईल दोघांनी आपापल्या संगणकावर लावली. त्याच्याकडे काम ४० मिनिटांत उरकलं, हिच्याकडे ५२ मिनिटं लागली. दुसऱ्या फाईललाही तसाच फरक. शिवाय काम सुरू होताच हिच्या संगणकाचा पंखा घोंघावायला लागायचा आणि काम संपेपर्यंत थांबायचा नाही. दुकानदाराला फोन केला तर त्यानं विचारलं, "मॅडम, संगणक बंद पडतो का? हँग होतो का?" तसं काही होत नव्हतं. "मग चांगला आहे की!"

संगणक बंद पडत नव्हता, अडकत नव्हता, पडद्यावर कसली सूचना येत नव्हती. तो फक्त हळू चालत होता. या दोषाची अडचण हीच आहे, की तो बोलत नाही. आपल्याकडे तुलनेला दुसरा संगणक नसेल तर वर्षानुवर्षं कळतही नाही.

याला थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात. प्रोसेसरच्या आत प्रत्येक कोअरपाशी तापमान मोजणारा सूक्ष्म सेन्सर असतो. ठरलेल्या कमाल तापमानाला पोचलं की प्रोसेसर स्वतःच आपला वेग कमी करतो. वेग कमी झाला की वीज कमी लागते, वीज कमी म्हणजे उष्णता कमी, आणि तापमान त्या मर्यादेवर अडून राहतं. १२४०० साठी ही मर्यादा १०० अंश सेल्सियस आहे. एवढं करूनही तापमान चढतच राहिलं तर शेवटचा उपाय म्हणून संगणक बंद होतो. ही सोय नसती तर काय झालं असतं, हे २००१ साली टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळानं एका व्हिडिओत दाखवलं होतं. चालू संगणकांच्या प्रोसेसरवरून उष्णता वाहून नेणारी हीटसिंक त्यांनी उचलून काढली. पेंटियम ४ कमालीचा मंदावला, पण वाचला. त्या वेळच्या अ‍ॅथलॉन प्रोसेसरमधून धूर निघाला. आज बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक प्रोसेसरमध्ये हे संरक्षण असतं. त्यामुळे जळण्याची भीती जवळजवळ गेली, पण हीटसिंक नीट बसली नसली तरी संगणक निमूटपणे चालत राहतो.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात मी नागपूरला गेलो तेव्हा ताईनं आधीच कुठलंसं सॉफ्टवेअर घालून तापमान बघून ठेवलं होतं. "४८ दाखवतंय. ४८ म्हणजे काही फार नाही ना?" खरंच फार नाही. पण तो आकडा संगणक नुसता बसलेला असतानाचा होता. रिकाम्या बसलेल्या प्रोसेसरला दहा वॉटच्या आसपास वीज लागते. एवढी उष्णता तर वाईट बसवलेली हीटसिंकही बाहेर टाकते. जलवाहिनी अर्धी तुंबलेली आहे की नाही हे थेंबथेंब गळणाऱ्या नळावरून कळत नाही, नळ पूर्ण सोडावा लागतो. म्हणून प्रोसेसरवर पूर्ण भार टाकायचा आणि त्याच वेळी आकडे बघायचे.

त्यासाठी दोन मोफत साधनं पुरतात. आकडे बघायला HWiNFO64 आणि भार टाकायला Cinebench R23. दोन्ही मूळ संकेतस्थळांवरूनच घ्यावीत, कारण अशा सॉफ्टवेअरच्या नकली प्रतीही फिरत असतात. विंडोजच्या टास्क मॅनेजरवर इथे विसंबता येत नाही. तो ग्राफिक्स कार्डाचं तापमान दाखवतो, प्रोसेसरचं दाखवत नाही.

HWiNFO64 उघडताना Sensors-only या चौकटीत खूण करायची आणि Start दाबायचं. मग भली मोठी यादी समोर येते आणि नवखा माणूस तिथेच घाबरतो. शंभर ओळींपैकी आपल्याला चारच बघायच्या असतात. CPU Package ही तापमानाची ओळ, CPU Package Power ही विजेची, Core Clocks ही वेगाची, आणि Core Thermal Throttling ही हो-नाही सांगणारी. प्रत्येक ओळीपुढे चार रकाने असतात, चालू आकडा, सर्वांत कमी, सर्वांत जास्त आणि सरासरी. आकडे साधारण दर दोन सेकंदांनी बदलतात. खाली घड्याळाचं एक बटण आहे, ते दाबलं की जुने कमाल-किमान आकडे पुसले जातात. चाचणीआधी ते दाबायला विसरू नये, नाहीतर तासाभरापूर्वीच्या एखाद्या क्षणाचं Yes आत्ताचं समजून आपण फसतो.

या चार आकड्यांत मी पाचवा घातला, खोलीचं तापमान. भिंतीवरचा साधा तापमापक संगणकाच्या पुढच्या बाजूला, हवा आत जाते तिथे ठेवला. तो ३३ अंश दाखवत होता. हा आकडा नसेल तर बाकीच्यांचा अर्थ लागत नाही, कारण पंखा आणि हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाहीत. खोलीच्या वर तो किती चढतो, एवढंच त्यांच्या हातात असतं.

मग Cinebench मध्ये सगळ्या कोअरवर चालणारी चाचणी लावली. हा प्रोग्राम एका खोलीचं चित्र लहान लहान चौकोनांनी रंगवत जातो आणि R23 मध्ये ही चाचणी किमान दहा मिनिटं पुन्हा पुन्हा चालवण्याची सोय आहे. दहा मिनिटं महत्त्वाची आहेत, कारण पहिल्या मिनिटाचे आकडे बरेचदा खोटा दिलासा देतात.

आमच्या बाबतीत मात्र पहिल्या मिनिटाचीही वाट बघावी लागली नाही. Start दाबलं, तापमान ४८ वर होतं. HWiNFO चा पुढचा आकडा आला ९४. त्याच्या पुढचा १००. म्हणजे चार सेकंदांत बावन्न अंश. Core Thermal Throttling पुढे No चं Yes झालं. वीज आधी ७० वॉटवर गेली आणि लगेच घसरायला लागली, ६०, ५२, ४७, आणि मिनिटाभरात ४४ वर येऊन टेकली. वेग ४ गिगाहर्ट्झवरून ३.१ वर आला. पंखा पूर्ण वेगानं फिरत होता. पुढची नऊ मिनिटं यातलं काहीही बदललं नाही. तापमान १००, वीज ४४, वेग ३.१. शेवटी गुण मिळाले सुमारे ९२००. या प्रोसेसरला साधारण बारा हजारांच्या आसपास मिळायला हवेत.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी, कारण सगळं निदान तिच्यावर उभं आहे. १०० अंश हा आकडा एकटा फारसं सांगत नाही. थ्रॉटलिंग सुरू झालं की तापमान १०० वरच अडकतं, दोष लहान असो की मोठा. खरं सांगतो तो विजेचा आकडा. प्रोसेसर जेवढी वीज खातो तेवढीच उष्णता बाहेर टाकतो. म्हणजे १०० अंशांवर असताना ४४ वॉट याचा अर्थ, ही हीटसिंक जास्तीत जास्त ४४ वॉट उष्णता वाहून नेऊ शकते. आणि हा प्रोसेसर इंटेलनं ६५ वॉटचा म्हणून विकलेला आहे, सोबतचा पंखा त्याच हिशेबानं दिलेला आहे.

कागदावर साधा भागाकार करून बघितला. खोलीपासून प्रोसेसरपर्यंतची चढण १०० वजा ३३, म्हणजे ६७ अंश. तिला ४४ नं भागलं तर येतात दीड. दर वॉटमागे दीड अंश चढतोय. हाच हिशेब रिकाम्या संगणकालाही लागू पडतो. दहा वॉट गुणिले दीड म्हणजे पंधरा अंश, खोलीचे ३३ मिळवले की ४८. ताईनं बघितलेला आकडा बरोबर हाच! दोष तेव्हाही होता, फक्त दहा वॉटला तो पंधरा अंशांत लपत होता.

दुकानदाराला पुन्हा फोन लावला. तो जाणकार निघाला. त्यानं लगेच मुद्दा काढला, "या प्रोसेसरचा बेस क्लॉक २.५ आहे. तुमचा ३.१ वर चालतोय. कंपनी हमी देते ती २.५ चीच." हे खरं आहे, आणि अनेक गिऱ्हाईकं इथे गप्प बसतात. कंपनी बेस वेगाची हमी देते, त्याच्या वरचा वेग परिस्थितीनुसार मिळतो. वेगावरून वाद घातला असता तर आम्ही हरलो असतो. मी वेग बाजूला ठेवला आणि म्हटलं, "भाऊ, ६५ वॉटचा पंखा ४४ वॉटला १०० अंशांवर का थांबतोय, तेवढं सांगा." तो क्षणभर थांबला. मग म्हणाला, "घेऊन या, नाहीतर उघडून बघा, माझी हरकत नाही." डब्यावर त्याचं सील होतं, म्हणून ही परवानगी आधी मागून घेणं गरजेचं होतं. सील परस्पर तोडलं तर वॉरंटीचा वाद आपल्या अंगावर येतो.

दोष कुठे असणार याचा अंदाज डबा उघडण्याआधीच येत होता, तो तापमान ज्या झपाट्यानं चढलं त्यावरून. प्रोसेसरची चकती नखाएवढी, तिला तापायला एखादा सेकंद पुरतो. हीटसिंक म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, त्याला तापायला काही मिनिटं लागतात. दोघांचा संपर्क नीट असेल तर भार पडताच तापमान वीस-पंचवीस अंश उडी मारतं आणि मग ठोकळ्याबरोबर सावकाश चढतं. आमच्याकडे सावकाश चढण्याचा भागच नव्हता. उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचण्याआधीच अडत होती.

चाचणी संपताच संगणक बंद केला, प्लग काढला, बाजूचं झाकण उघडलं आणि हीटसिंकच्या कडेच्या पात्यांना बोट लावलं. गरम होत्या, पण बोट ठेवता येत होतं. प्रोसेसर शंभर अंशांवर असताना त्याच्या डोक्यावरच्या पात्यांवर बोट ठेवता येतं, म्हणजे मधल्या कागदाएवढ्या जागेत मोठा उतार आहे.

इंटेलचा खोक्यातला पंखा चार खिळ्यांवर बसतो. प्रत्येक खिळा प्लॅस्टिकचा, टोकाला दोन पाकळ्या. तो मदरबोर्डाच्या भोकात घालून वरून दाबला की मधला काळा दांडा पाकळ्या फाकवतो आणि "टक्" असा आवाज होतो. रॅमच्या बाजूच्या कोपऱ्यातला खिळा बाकी तिघांपेक्षा दोन-तीन मिलिमीटर उंच दिसत होता. बोटानं हलवला तर हलला. टॉर्च लावून मदरबोर्डाच्या मागच्या बाजूनं बघितलं, तिथल्या कटआउटमधून चारही खिळ्यांची टोकं दिसतात. तिघांच्या पाकळ्या फाकलेल्या होत्या, चौथ्याच्या मिटलेल्या. बसवणाऱ्यानं दाबला असेल, पण "टक्" झालं नसावं. किंवा बसला असेल आणि रिक्षातून येताना निसटला असेल, सांगता येत नाही.

ताई शेजारी उभी होती. "मग दाबून टाक ना आता." मोह मलाही झाला. पण नुसता दाबून भागत नाही. प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये थर्मल पेस्ट असते. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी असतात आणि फटीतली हवा उष्णता अडवते. ती हवा घालवून देणं हे पेस्टचं काम. हीटसिंक काढली तेव्हा पेस्टनं सगळी गोष्ट सांगितली. बसलेल्या बाजूला पेस्ट दाबली जाऊन पसरली होती. उचललेल्या कोपऱ्याकडे कारखान्यात लावलेल्या पट्ट्या जशाच्या तशा उभ्या होत्या, त्यांना प्रोसेसरचा स्पर्शही झालेला नव्हता. एकदा पसरलेली आणि उचललेली पेस्ट पुन्हा वापरू नये, तिच्यात हवेचे बुडबुडे अडकतात. दोन्ही पृष्ठभाग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं आणि मऊ कापडानं पुसले, प्रोसेसरच्या मधोमध वाटाण्याच्या दाण्याएवढी नवी पेस्ट ठेवली. खिळे समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोड्यांनी दाबले, म्हणजे दाब एका बाजूला जात नाही. चार वेळा "टक्" ऐकलं, मागून टोकं पुन्हा बघितली, आणि पंख्याची वायर मदरबोर्डावर CPU_FAN लिहिलेल्या जागीच आहे याची खात्री केली.

तीच चाचणी पुन्हा लावली. खोली अजून ३३ अंशांवरच होती. तापमान चाळीसवरून ६४ वर गेलं आणि मग हळूहळू, पाच-सहा मिनिटांत, ८१ वर जाऊन थांबलं. Core Thermal Throttling शेवटपर्यंत No. गुण सुमारे ११६००.

पण तेवढ्यात ताईचं लक्ष दुसरीकडे गेलं. "अरे, आधी चार होतं, आता ३.९ झालं. परत कमी झालाच की!" तिचं निरीक्षण बरोबर होतं आणि प्रश्नही मोलाचा होता. वेग कमी होण्याची कारणं दोन, उष्णता हे त्यांतलं एकच. दुसरं कारण विजेची मर्यादा. १२४०० ला इंटेलनं दोन आकडे दिले आहेत, कायमचे ६५ वॉट आणि थोड्या वेळापुरते ११७ वॉट. भार पडल्यावर पहिला अर्धा मिनिट प्रोसेसरला जास्त वीज खायची मुभा असते, मग तो ६५ वर आणला जातो. या मदरबोर्डावर इंटेलच्याच मर्यादा पाळल्या जात होत्या, म्हणून पहिल्या अर्ध्या मिनिटानंतर वीज ७० वरून ६५ वर आली आणि वेग थोडा उतरला. हे ठरवून केलेलं असतं आणि यात दोष नसतो. HWiNFO मध्ये Performance Limit Reasons नावाची ओळ उघडली की कारण तिथेच वाचता येतं. IA: Package-Level RAPL/PBM PL1 पुढे Yes असेल तर विजेची मर्यादा लागली आहे, IA: PROCHOT किंवा IA: Thermal Event पुढे Yes असेल तर उष्णतेची. तापमान ८१ आणि वीज बरोबर ६५, हे दिसल्यावर मी ताईला सांगितलं, की आता हा पुरेपूर चालतोय. अनेक मदरबोर्ड या विजेच्या मर्यादा मूळ सेटिंगमध्येच उठवून ठेवतात. मग मोठा प्रोसेसर खोक्यातल्या लहान पंख्याला झेपत नाही आणि नीट बसवलेला असूनही १०० ला जाऊन टेकतो. तिथे खिळे तपासण्यात वेळ घालवू नये. बायोसमध्ये जाऊन मर्यादा परत लावावी, नाहीतर मोठा पंखा घ्यावा.

नवा भागाकार असा झाला. ८१ वजा ३३ म्हणजे ४८, भागिले ६५, साधारण पाऊण. दर वॉटमागे दीड अंश होते, ते पाऊण झाले.

काम संपलं असं वाटलं आणि संगणक आपल्या जागी गेला. आपल्याकडच्या संगणकाच्या टेबलांना डबा ठेवायला जो लाकडी कप्पा असतो, त्यात. कप्प्याला दार, आणि धूळ नको म्हणून ताई ते लावून ठेवते. मी तापमापक आत ठेवला, दार लावलं आणि चाचणी अर्ध्या तासाची केली. पहिल्या दहा मिनिटांत ८४. वीस मिनिटांत ८९. अर्ध्या तासानं ९२, तेव्हा तापमापक ४४ वर होता. प्रोसेसर कप्प्यातल्या हवेपेक्षा अजूनही ४८ अंशच वर होता. म्हणजे हीटसिंकचं काम तेच होतं, पण डब्यातून निघालेली गरम हवा कप्प्यात कोंडून पुन्हा आत ओढली जात होती. चार सेकंदांत होणारी चढण आणि अर्ध्या तासात होणारी चढण या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. झटक्यात चढलं तर प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामधली जागा बघावी, रेंगाळत चढलं तर हवेची वाट बघावी. डब्याचं झाकण काढून चाचणी घेतली आणि तापमान बरंच उतरलं तर अडचण हवेचीच आहे, हे पक्कं. ताईनं कप्प्याचं दार त्याच दिवशी बिजागऱ्यांपासून काढून टाकलं.

एएमडीचा संगणक असेल तर याच पद्धतीत एक फरक लक्षात ठेवावा. २०२२ साली आलेल्या रायझन ७००० मालिकेतले वरचे प्रोसेसर पूर्ण भाराखाली ९५ अंशांवर चालावेत, अशीच त्यांची रचना आहे आणि कंपनीनं ते उघडपणे सांगितलेलं आहे. तिथे ९५ बघून दुकानदाराशी भांडू नये. पण ९५ अंशांना वीज कंपनीच्या मर्यादेच्या जवळपास आहे की तिच्या निम्म्यावर, हे जरूर बघावं. निम्म्यावर असेल तर आमच्यासारखीच गोष्ट असण्याचा दाट संभव. एएमडीवर तापमानाची ओळ CPU (Tctl/Tdie) या नावानं दिसते. ग्राफिक्स कार्डासाठी GPU-Z हे लहानसं मोफत साधन आहे, त्यातल्या PerfCap Reason या ओळीत Thrm आलं की उष्णतेमुळे, Pwr आलं की विजेच्या मर्यादेमुळे, असं कारणच लिहून येतं.

लिनक्स वापरणाऱ्यांना lm-sensors आणि stress-ng ही दोन पॅकेजं पुरतात. एका खिडकीत पहिली आज्ञा, दुसरीत बाकीच्या दोन:

```
watch -n 1 sensors

stress-ng --cpu 0 --timeout 600s
cat /sys/devices/system/cpu/cpu0/thermal_throttle/core_throttle_count
```

शेवटची ओळ इंटेलवर चालते. संगणक सुरू झाल्यापासून पहिल्या कोअरला उष्णतेमुळे किती वेळा हात आखडावा लागला, त्याची मोजणी ती दाखवते. चाचणीआधी आणि चाचणीनंतर ती वाचावी. आकडा वाढला नाही तर प्रश्नच नाही.

Prime95 नावाचा एक प्रोग्राम अशा चाचण्यांसाठी पुष्कळांना सुचवला जातो. तो मुळात मोठमोठ्या मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला गेला. त्याची Small FFTs ही चाचणी प्रोसेसरला एवढा तापवते, की रोजच्या कुठल्याही कामात तेवढा भार येत नाही. नव्या संगणकाची पहिली परीक्षा तिनं घेऊ नये, असं माझं मत आहे. तिथे दिसलेला १०० चा आकडा माणसाला विनाकारण खर्चात पाडतो.

नागपूरचा मे महिना अजून यायचा होता. जाताना मी ताईच्या वहीत लिहून आलो, की खोली ४१ झाली तर प्रोसेसर ४१ अधिक ४८, म्हणजे ८९ दाखवेल. मेच्या तिसऱ्या आठवड्यात तिचा दुपारी फोन आला. "खोली ४१ आहे. चाचणी लावलीय. नव्वद." थ्रॉटलिंग No होतं. मग तिनं खिडकीतला वाळ्याचा कूलर सुरू केला, अर्ध्या तासानं खोली ३४ वर आली आणि प्रोसेसर ८३ वर. आता तिची ५२ मिनिटांची फाईल ४१ मिनिटांत होते.

नवा डेस्कटॉप घेतलात तर दुकानाची बदलून देण्याची मुदत संपायच्या आत ही दहा मिनिटांची चाचणी लावा. वहीत तारीख, खोलीचं तापमान, प्रोसेसरचं तापमान, वॉट, वेग आणि गुण लिहा, आणि पडद्याचा एक फोटो काढून ठेवा. वर्षभरानं धूळ साचून संगणक मंदावला तर तुलनेला हेच पान लागेल, आणि दुकानात तक्रार घेऊन जायची वेळ आली तर वॉटचा आकडा आधी दाखवा.